हप्त्यांचे पुढील तारखेचे चेक: गठ्ठा कर्जदारासमोरच कसा तपासावा

पतसंस्थेच्या कर्ज विभागात मी बरीच वर्षं काम केलं. पुढील तारखेच्या चेकची चूक जेव्हा होते तेव्हा कळत नाही, ती त्या चेकची तारीख उजाडल्यावर कळते. पहिल्याच वर्षी माझ्या हातून एका गठ्ठ्यातल्या सोळाव्या चेकवर चुकीचं साल सुटलं. चेक घेतला त्या दिवशी कर्जदार समोर बसला होता, हातात पेन होतं आणि खिशात चेकबुक. चूक सापडली तेव्हा सव्वा वर्ष उलटलं होतं, तो गाव सोडून मुलाकडे राहायला गेला होता आणि एका पानासाठी मला चार फेऱ्या माराव्या लागल्या. ते पान पहिल्याच दिवशी बदलायला दोन मिनिटं लागली असती.

बँका आता असे चेक फारसे घेत नाहीत. जिथे खात्यातून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने हप्ता वळता करण्याची सोय आहे तिथे हप्त्यांसाठी नवे पुढील तारखेचे चेक घेऊ नयेत, असं रिझर्व्ह बँकेने मार्च २०१३ मध्ये बँकांना सांगितलं. पण पतसंस्थांत, छोट्या सावकारी व्यवहारांत आणि ओळखीपाळखीतल्या उसनवारीत हे गठ्ठे अजून दिले-घेतले जातात. खालची रीत चेक घेणाऱ्याच्या बाजूने लिहिली आहे. देणाऱ्यालाही तीच उपयोगी पडेल, कारण चुकीचा चेक परत आला तर दंड त्याच्याच खात्यातून जातो.

एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. किराणा दुकानदार असलेल्या एका सभासदाला तीन लाख रुपये कर्ज, व्याज दरसाल १२ टक्के घटत्या शिलकीवर, मुदत २४ महिने. रक्कम ३० ऑक्टोबर २०२५ ला दिली, पहिला हप्ता ३० नोव्हेंबर २०२५ ला आणि शेवटचा ३० ऑक्टोबर २०२७ ला. सभासद घरूनच २४ चेक लिहून घेऊन आला आहे.

आधी तक्ता, मग चेक

गठ्ठा हातात घेण्याआधी आपला हप्त्यांचा तक्ता तयार हवा, आणि तो मंजुरीपत्रावरून बनवलेला हवा. बरेच कारकून चेक समोर ठेवून त्यांवरूनच यादी उतरवतात आणि मग त्याच यादीशी चेक ताडून पाहतात. अशा तपासणीत चूक सापडणं शक्यच नसतं, कारण चेकवरची चूक यादीतही उतरलेली असते.

तक्त्यात चार रकाने पुरतात: हप्त्याचा अनुक्रम, देय तारीख, रक्कम आणि चेक क्रमांक. चौथा रकाना आत्ता रिकामा ठेवायचा.

हप्ता संगणकावर असा निघतो:

```
=PMT(12%/12,24,-300000)
```

उत्तर येतं १४,१२२ रुपये ४ पैसे. चेक आपण पूर्ण रुपयात, म्हणजे १४,१२२ चा घेतो. दर महिन्याला हे चार पैसे कमी पडत जातात आणि त्यांवरच्या व्याजासकट अखेरीस रुपया-सव्वा रुपया उरतो. म्हणून शेवटचा चेक १४,१२३ चा. पहिल्या २३ चेकचे ३,२४,८०६ आणि शेवटचे १४,१२३ मिळून बेरीज ३,३८,९२९. हा आकडा तक्त्याच्या तळाशी ठळक लिहून ठेवा, पुढे लागेल.

तुमची संस्था दिवसांवर व्याज आकारत असेल, तर शेवटच्या हप्त्यातला फरक एक रुपयाचा राहत नाही, बराच मोठा होतो. अशा वेळी वरचं सूत्र वापरू नका. संस्थेच्या संगणक प्रणालीतून निघालेला तक्ताच धरा आणि शेवटच्या चेकची रक्कम त्यातूनच घ्या.

तारखांचा रकाना भरताना एक सापळा असतो. प्रत्येक तारीख वरच्या तारखेत एक महिना मिळवून काढली, तर ३० जानेवारीनंतर २८ फेब्रुवारी बरोबर येते, पण पुढची २८ मार्च येते आणि तिथून शेवटपर्यंत सगळे हप्ते २८ तारखेला सरकतात. म्हणून प्रत्येक तारीख पहिल्या हप्त्यापासून मोजायची. पहिली तारीख `E1` मध्ये आणि अनुक्रम `A` रकान्यात `A2` पासून असेल तर:

```
=EDATE($E$1,A2-1)
```

यात चौथा हप्ता २८ फेब्रुवारी २०२६ ला येतो आणि पाचवा पुन्हा ३० मार्चला. तक्ता हाताने करत असाल तर फेब्रुवारीच्या दोन्ही ओळींना आधीच लाल खूण करा. आपल्या उदाहरणात चौथी आणि सोळावी.

मोजणी आणि क्रमांक

पहिलं काम म्हणजे पानं मोजणं, तेही दोनदा आणि दोन माणसांनी. नवी पानं एकमेकांना चिकटतात, म्हणून बोटाने एकेक सोडवून मोजा.

क्रमांक पाहून मोजणी करायची असेल तर एक लक्षात ठेवा. ००४१८३ ते ००४२०० मध्ये किती पानं? वजाबाकी सतरा येते, पानं अठरा असतात. पहिलं पानही मोजायचं असतं. या एका पानाच्या चुकीमुळे २४ हप्त्यांना २३ चेक घेऊन फाइल बंद झालेली मी पाहिली आहे.

चेकचा सहा आकडी क्रमांक खालच्या पांढऱ्या पट्टीत सुरुवातीलाच छापलेला असतो. त्यापुढे नऊ आकडी संकेतांक असतो. त्यातले पहिले तीन आकडे शहराचे, पुढचे तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे. मुंबईच्या चेकवर तो ४०० ने सुरू होतो, पुण्याच्या ४११ ने. गठ्ठ्यातल्या प्रत्येक पानावर हा नऊ आकडी संकेतांक आणि वर छापलेला खाते क्रमांक तोच आहे ना, हे पाहा. चेकबुक मध्येच संपलं की माणूस घरातलं दुसरं चेकबुक उचलतो आणि ते कधी कधी बायकोच्या किंवा दुकानाच्या खात्याचं निघतं. सही त्याची, खातं दुसऱ्याचं, असा चेक वटत नाही.

आता तक्त्यातला चौथा रकाना चेकवरून भरा. आपल्या सभासदाचे क्रमांक असे निघाले. हप्ता १ ते ८ ला ००४१८३ ते ००४१९०. हप्ता ९ ते १७ ला ००४१९२ ते ००४२००. मग जुनं चेकबुक संपलं आणि हप्ता १८ ते २४ ला नव्या चेकबुकातले २५१३०१ ते २५१३०७.

चेकच्या क्रमांकातून हप्त्याचा अनुक्रम वजा करा. सलग पानांत हे उत्तर बदलत नाही: ४१८३ वजा १ म्हणजे ४१८२, ४१९० वजा ८ म्हणजेही ४१८२. नवव्या हप्त्याला ते ४१८३ होतं. म्हणजे मध्ये एक पान गेलं आहे, ००४१९१. अठराव्याला ते एकदम २,५१,२८३ होतं, कारण चेकबुक बदललं. उत्तर जिथे जिथे बदलतं तिथे कारण विचारायचं आणि तक्त्याच्या कडेला लिहायचं. आमच्या सभासदाने सांगितलं, "ते पान महिना चुकला म्हणून फाडलं, साहेब." ठीक आहे, तसं लिहिलं आणि शेजारी त्याची सही घेतली. गहाळ पान नुसतं सोडून देऊ नये. पुढे कुणी "तुम्हाला एक चेक जास्त दिला होता" म्हणालं तर हीच नोंद कामाला येते. संगणकात क्रमांक भरताना पुढची शून्यं गळून पडतात, त्यामुळे रकान्याला सहा आकड्यांचा साचा (`000000`) द्या.

क्रमांक सलग असलेच पाहिजेत असा काही नियम नाही. तुटलेला क्रम ही चूक नव्हे. कारण न विचारलेला तुटलेला क्रम मात्र धोक्याचा असतो.

तारखा

हे काम दोघांनी करायचं. एकाच्या हातात चेक, दुसऱ्याच्या समोर तक्ता. मोठ्याने वाचायचं ते चेकवरून. तक्ता वाचून चेककडे पाहणारा माणूस जे ऐकलं तेच चेकवर पाहतो. आमच्याकडे नवीन मुलं हमखास उलटं करायची आणि चूक निसटायची. तारीख आठही चौकटींतली वाचा, सालासकट: "तीस, शून्य एक, दोन हजार सव्वीस." फक्त "तीस जानेवारी" म्हटलं की साल तपासायचं राहून जातं.

सगळ्यात जास्त चुका सालात होतात आणि त्या ठरावीक जागी असतात. लिहिणाऱ्याचा हात नोव्हेंबर-डिसेंबर २०२५ लिहून सरावलेला असतो आणि जानेवारीलाही २०२५ च लिहितो. म्हणजे तिसरा हप्ता (जानेवारी २०२६) आणि पंधरावा (जानेवारी २०२७) थांबून पाहायचे. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत त्यावरच्या तारखेपासून तीन महिने आहे. ३० जानेवारी २०२५ लिहिलेला चेक ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या हाती येतानाच मुदतबाह्य असतो. उलट चूक, म्हणजे २०२६ ऐवजी २०२७, तेवढीच वाईट, कारण तो चेक वर्षभर बँकेत भरताच येत नाही. माझ्या पहिल्या वर्षी सुटलेली चूक याच जातीची होती.

दुसरी जागा फेब्रुवारी. एकसारखे चेक लिहीत सुटलेला माणूस "३०-०२" सहज लिहून जातो. पंचांगात नसलेल्या तारखेचा चेक बँक वटवेल की परत करेल, या वादात पडायचं कारणच नाही. ते पान बदलून घ्या.

सुट्टीची चिंता मात्र करू नका. २८ फेब्रुवारी २०२६ ला चौथा शनिवार आहे, म्हणजे बँक बंद. २८ फेब्रुवारी २०२७ ला रविवार आहे. पहिल्या हप्त्याची ३० नोव्हेंबर २०२५ सुद्धा रविवारीच येते. म्हणून चेकवरची तारीख मागेपुढे करायची नाही. तक्त्यातलीच तारीख राहू द्या आणि चेक पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरा, तीन महिने हाताशी असतात. तारीख हलवली की चेक आणि तक्ता यांचा मेळ तुटतो आणि दंडव्याजाचा वाद सुरू होतो.

तारखेची चौकट कोरी ठेवून सही केलेले चेक काही संस्था मागतात. मी ते कधी घेतले नाहीत. सही करून दिलेला कोरा चेक भरण्याचा अधिकार धारकाला कायद्यात आहे, पण तो नेमका कोणत्या हप्त्याचा हे नंतर कागदावर दाखवता येत नाही आणि भांडण तिथूनच सुरू होतं.

रकमा

रक्कम वाचताना आधी अक्षरी, मग आकडी. आकडा सुटा सुटा वाचा: एक-चार-एक-दोन-दोन. "एकशे बावीस" आणि "एकशे बत्तीस" घाईत सारखेच ऐकू येतात. अक्षरी आणि आकडी रकमेत फरक असेल तर कायद्याने अक्षरी रक्कम खरी मानली जाते. प्रत्यक्षात बँक असा चेक "अक्षरी व आकडी रक्कम जुळत नाही" या कारणाने परत पाठवते. खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आलेल्या चेकला चेक न वटणं गुन्हा ठरवणाऱ्या कलम १३८ चं जे बळ आहे, ते अशा चेकला सहजी मिळत नाही.

देवनागरी आकडे लिहिणाऱ्यांच्या चेकवर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. आपला एक काही हातांत इंग्रजी नवासारखा दिसतो. एकाच पानावर दोन्ही लिपींतले आकडे मिसळले असतील तर घोटाळा ठरलेला. अक्षरी रक्कम मराठीत असायला हरकत नाही, पण आकडी रक्कम आणि तारीख मी इंग्रजी अंकांतच लिहून घेत असे.

एकेक चेक वाचून झाला की सगळ्या आकडी रकमांची बेरीज करा, चेकवरून. आपल्या गठ्ठ्याची बेरीज आली ३,३९,०१८. हवी होती ३,३८,९२९. फरक ८९ रुपये.

अशा वेळी आधी शेवटचा चेक पाहा, कारण तो वेगळ्या रकमेचा आहे हे लिहिणारा विसरतोच. इथेही तो १४,१२३ ऐवजी १४,१२२ चा होता. तो एक रुपया मिळवला की बेरीज ३,३९,०१९ होते आणि फरक ९०. आता नव्वदला नवाने भाग जातो. शेजारचे दोन आकडे उलटे लिहिले गेले की फरकाला नेहमी नवाने भाग जातो. म्हणजे कुठेतरी १४,१२२ चं १४,२१२ झालं आहे. शोधलं, तर ते अकराव्या चेकवर, ३० सप्टेंबर २०२६ च्या, निघालं. अक्षरी रक्कम बरोबर होती, त्यामुळे मोठ्याने वाचताना ते आमच्या कानावरून निसटलं होतं.

बेरीज जुळली म्हणून वाचन टाळू नका. एका चेकवर नव्वद जास्त आणि दुसऱ्यावर नव्वद कमी असेल तर बेरीज बरोबरच येते. बेरीज वाचनावर पहारा ठेवते आणि वाचन बेरजेवर.

उरलेल्या गोष्टी पटकन होतात. संस्थेचं नाव खात्यावर आहे तसं, "मर्यादित"सकट, प्रत्येक पानावर हवं. "किंवा धारकास" हे शब्द खोडलेले आणि डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघांत "अकाउंट पेयी". सही बँकेतल्या नमुन्यासारखी, आणि खातं दोघांच्या एकत्रित सहीने चालत असेल तर दोघांची. शाई गडद हवी, कारण क्लिअरिंगला आता चेक जात नाही, त्याचं चित्र जातं. संस्थेचा शिक्का तारीख, नाव, रक्कम किंवा सहीवर पडू देऊ नका आणि खालच्या पट्टीवर टाचणी-स्टेपल नको.

चुकलेलं पान दुरुस्त करायचं नाही

पूर्वी खाडाखोड करून शेजारी सही घेतली की चालायचं. चेकचं चित्र पाठवून क्लिअरिंग होऊ लागल्यापासून चालत नाही. नाव, अक्षरी रक्कम किंवा आकडी रक्कम यांत बदल असेल तर सही असूनही चेक परत येतो. नियमात सवलत आहे ती फक्त मुदत वाढवण्यासाठी तारखेत केलेल्या बदलाला, आणि चुकलेलं साल सुधारायला तिच्या भरवशावर राहू नये. नवं पान घ्या.

आपल्या गठ्ठ्यात चार पानं बदलावी लागली. हप्ता ३ चं साल चुकलेलं (००४१८५), हप्ता ४ वर ३० फेब्रुवारी (००४१८६), हप्ता ११ ची रक्कम उलटी (००४१९४) आणि हप्ता २४ एक रुपयाने कमी (२५१३०७). त्यांच्या जागी अनुक्रमे २५१३०८, २५१३०९, २५१३१० आणि २५१३११ आली. नवी चारही पानं पुन्हा पहिल्यापासून वाचायची. घाईत लिहिलेलं बदली पान हीच दुसऱ्या चुकीची नेहमीची जागा. जुन्या चार पानांवर आडवं "रद्द" लिहून ती सभासदाला तिथेच परत केली आणि परत मिळाल्याची सही तक्त्यावर घेतली.

पोच देताना "००४१८३ ते २५१३११" असं कधीही लिहू नका. तशा पोचेत रद्द पानंही येतात आणि गहाळ पानही. चोवीस ओळी लिहा: अनुक्रम, चेक क्रमांक, तारीख, रक्कम. तळाशी एकूण २४ चेक, एकूण रक्कम ३,३८,९२९ आणि कोणत्या कर्जखात्यासाठी, हे लिहा. दोन प्रती करा, दोन्हींवर दोघांच्या सह्या. हा तक्ता आपण आधीच भरला असल्याने त्याचीच छापील प्रत पोच म्हणून चालते.

तिजोरीत ठेवल्यानंतर

चेक तारखेच्या क्रमाने लावा, क्रमांकाच्या नाही. आता तिसऱ्या जागी २५१३०८ आहे आणि क्रमांकाने लावलं तर तो जानेवारी २०२६ चा चेक थेट एकविसाव्या जागी जाऊन बसेल.

दर सहा महिन्यांनी उरलेले चेक एकदा चाळा. कर्जदाराची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर जुनी पानं ठरावीक तारखेनंतर चालत नाहीत. देना बँक आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या, पुढच्या वर्षी आंध्र बँक आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत. तेव्हा असे कितीतरी गठ्ठे अर्ध्यातून बदलून घ्यावे लागले. हप्ता कर्जदाराने रोख भरला तर त्या महिन्याचा चेक त्याच दिवशी गठ्ठ्यातून काढून परत द्या आणि पोचेच्या आपल्या प्रतीवर त्या ओळीसमोर त्याची सही घ्या. कर्ज मुदतीआधी फिटलं तर उरलेले सगळे चेक मोजून, त्याच यादीवर एकेक खूण करत, त्याच्या हातात द्यायचे.